8 मिमीच्या रिंगची कटिंग लेंथ : वजावट कुठे लागते आणि कुठे लागत नाही

प्रश्न : घणसोलीच्या साइटवर 230 × 450 मिमीच्या बीमसाठी 8 मिमी रिंगची कटिंग लेंथ मी नेहमीच्या सूत्राने काढली. दोन हुकांचे 10d प्रत्येकी धरले, 90 अंशाच्या तीन बेंडला 2d आणि 135 अंशाच्या दोन बेंडला 3d वजा केले. कव्हर 30 मिमी आहे. उत्तर 1184 मिमी आले. फिटर म्हणतो की 1250 शिवाय हुक पुरणार नाही. सर, माझे कुठे चुकते आहे?

उत्तर :

तुमच्या फिटरचे म्हणणे बरोबर आहे. ड्रॉइंगवर हुकची लांबी आयएस 13920 : 2016 प्रमाणे मागितली असेल, तर या रिंगला 1246 मिमी सळई लागते आणि ती 1250 वर कापणेच योग्य आहे. तुमची बेरीज-वजाबाकी कुठेही चुकलेली नाही. चूक सूत्रात आहे, आणि हे सूत्र इतक्या वह्यांमध्ये आणि इतक्या बार बेंडिंग शेड्यूलमध्ये जसेच्या तसे उतरवले जाते की ते मुळात कोणत्या मापावर उभे आहे हे तपासायचे राहूनच जाते. म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

आधी रिंगचे बाहेरचे माप पक्के करू. आयएस 456 : 2000 मध्ये नॉमिनल कव्हर हे रिंगसह सर्व लोखंडाला मोजायचे आहे, म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागापासून रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत. 230 मधून दोन्ही बाजूंचे 30-30 वजा केले की 170 उरतात आणि 450 मधून 390 उरतात. रिंगचे बाहेरून बाहेर माप 170 × 390 आणि बाहेरचा घेर 1120 मिमी झाला. इथवर तुम्ही बरोबर आहात. काही जुने सहकारी अजूनही कव्हर मुख्य सळईपर्यंत मोजतात, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात ती पद्धत होती. तसे केले तर 170 हे रिंगचे आतले माप ठरते, रिंग बाहेरून 186 मिमीची होते आणि प्रत्यक्ष कव्हर 22 मिमीच राहते. घणसोली, ऐरोली, कोपरी या खाडीकाठच्या भागात खारी हवा बारमाही असते, त्यामुळे हे 8 मिमी गमावणे परवडणारे नाही. आयएस 456 कव्हरमध्ये 10 मिमीपर्यंत वाढ चालवून घेते, घट मात्र अजिबात चालवून घेत नाही. याचा अर्थ रिंग दोन-चार मिमी लहान झाली तरी चालेल, पण 170 × 390 पेक्षा मोठी होऊन चालणार नाही.

आता बेंडच्या वजावटीकडे वळू. साइटवर पुष्कळ जण असे समजतात की सळई वाकवली की ती ताणून लांब होते, म्हणून तेवढी कमी कापायची. प्रत्यक्षात वाकवताना सळईची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली बाजू दबते आणि मधल्या रेषेची लांबी व्यवहारापुरती तेवढीच राहते. वजावट लागते ती वेगळ्या कारणाने. आपण 170 आणि 390 ही मापे बाहेरच्या टोकदार कोपऱ्यापर्यंत मोजतो, पण सळई त्या कोपऱ्यापर्यंत जातच नाही, ती आतून गोलाई घेऊन वळते. न गेलेल्या वाटेची लांबी आपण घेरात मोजलेली असते आणि तीच परत काढून टाकायची असते. आडवाटेने कोपरा वाचवणाऱ्या माणसाची पावले कमी पडतात, तसेच हे आहे.

90 अंशाच्या एका बेंडचा हिशेब पाहा. गोलाईची आतली त्रिज्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे 8 मिमी सळईला 16 मिमी धरू. बाहेरच्या कोपऱ्यापासून गोलाई सुरू होते तिथपर्यंतचे अंतर प्रत्येक बाजूला 3d असते, कारण त्यात 2d त्रिज्या आणि 1d सळईची जाडी येते. दोन्ही बाजूंचे मिळून आपण 6d मोजलेले असतात. सळई मात्र तिथे मधल्या रेषेवर, म्हणजे 2.5d त्रिज्येवर, पाव वर्तुळ चालते आणि त्याची लांबी 3.93d भरते. 6 मधून 3.93 गेले की 2.07 उरतात. तुमच्या सूत्रातले 2d हेच आहेत. तेव्हा 90 अंशाला 2d ही वजावट खरी आहे, पण ती बाहेरून बाहेर मापाला लागू आहे आणि गोलाई साधारण 2d त्रिज्येची असेल तेव्हाच लागू आहे, या दोन अटी तिच्यासोबत लक्षात ठेवाव्यात.

गोंधळ खरा सुरू होतो तो 135 अंशाच्या बेंडपाशी. 45 अंशाला 1d, 90 ला 2d, म्हणून 135 ला 3d, अशी चढती रांग लावली की ती लक्षात राहायला सोपी जाते. पण वजावट कोनाच्या प्रमाणात अशी सरळ वाढत नसते. ती आपण कुठून कुठपर्यंत मोजले यावर ठरते. हुकच्या टोकाला आपण नेमके काय मोजतो ते आता पाहू.

संहितेची भाषा इथे अगदी स्पष्ट आहे. आयएस 456 म्हणते की रिंगचा हुक 135 अंशाचा असेल, तर गोलाई जिथे संपते तिथून पुढे सळई किमान 6d सरळ गेली पाहिजे. आयएस 13920 : 2016 त्यात भर घालते की हे 6d, पण 65 मिमीपेक्षा कमी नाही. या सरळ भागाला मी पुढे शेपूट म्हणेन. 8 मिमी सळईचे 6d म्हणजे 48 मिमी होतात, म्हणून तिथे 65 मिमी लागू होते. 10 मिमीच्या रिंगलाही 6d हे 60 च भरतात, म्हणून तिथेही 65 च धरायचे. 12 मिमीच्या रिंगला मात्र 72 मिमी धरावे लागते. आयएस 1893 च्या 2016 च्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे आणि त्या क्षेत्रातल्या आरसीसी फ्रेमच्या इमारतींना आयएस 13920 लागू होते, त्यामुळे तुमच्या बीमला 65 मिमीची शेपूट ही ऐच्छिक बाब नाही.

म्हणजे शेपूट मोजायची ती गोलाई संपल्यावर. मग गोलाईची स्वतःची लांबी कोण देणार? तीच तुमच्या सूत्रात कुठे नाही. हुकच्या कोपऱ्यावर सळई बाहेरच्या कोपऱ्याच्या 3d आधी वळायला लागते, मग 2.5d त्रिज्येवर 135 अंश फिरते आणि तेवढ्यात 5.89d लांबी खर्च होते. घेरात आपण कोपऱ्यापर्यंतचे 3d आधीच मोजलेले असल्यामुळे ते वजा केले, तरी 2.89d ची गरज शिल्लक राहते. थोडक्यात, शेपूट वेगळी मोजत असाल तर 135 अंशाच्या प्रत्येक हुकला सुमारे 3d मिळवावे लागतात, आणि तुम्ही तेच 3d वजा केले आहेत. आकडा तोच आहे, फक्त चिन्ह उलटे झाले आहे. दोन हुक मिळून हा फरक जवळपास 12d, म्हणजे 95 मिमीच्या आसपास जातो. तुम्ही 65 ऐवजी 80 मिमीचा हुक धरला होता, त्यामुळे त्यातले 30 मिमी परत भरून निघाले आणि प्रत्यक्ष तूट 62 मिमीवर थांबली.

आता सगळे एकत्र मांडले की एक फार सोयीची गोष्ट दिसते. बंद रिंगमध्ये 90 अंशाचे तीन आणि 135 अंशाचे दोन बेंड असतात, म्हणजे सळई एकूण 540 अंश, बरोबर दीड वर्तुळ फिरते. त्या दीड वर्तुळाची लांबी 23.56d भरते. घेरातून वजा व्हायचे असतात ते चार कोपऱ्यांचे मिळून 24d. म्हणजे तीन साध्या कोपऱ्यांवर जे वाचते, तेच जवळजवळ सगळे दोन हुकांच्या गोलाईत खर्च होते. उरते ती अर्ध्या व्यासाहूनही कमी अशी किरकोळ वजावट :

```
L = 2(A + B) + 2t - 0.44d
```

यात A आणि B ही रिंगची बाहेरची मापे आहेत, t ही शेपटीची लांबी आहे आणि d हा रिंगच्या सळईचा व्यास आहे. साइटवर तर मी एवढेच सांगतो की बाहेरचा घेर अधिक दोन शेपट्या, आणि मग पुढच्या 5 किंवा 10 मिमीला वर न्या. तुमच्या बीमला 1120 मध्ये 130 मिळवले की 1250 होतात, आणि 0.44d म्हणजे 3.5 मिमी वजा केले की 1246.5 उरतात. फिटरने 1250 सांगितले ते वह्या उघडून नव्हे, हाताला आलेल्या अनुभवाने सांगितले असणार, पण भूमितीही तेच सांगते.

गोलाईची त्रिज्या बदलली तर हा हिशेब कोलमडतो का, हे तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण साइटवरच्या फळीवर ठोकलेल्या खुंट्या 16 मिमी त्रिज्येच्या असतीलच असे नाही. आतली त्रिज्या फक्त 1d, म्हणजे 8 मिमी असेल, तर वजावट 0.44d ऐवजी 1.86d होते. लांबीत फरक पडतो तो 11 मिमीचा, आणि 1250 ला कापलेल्या रिंगमध्ये प्रत्येक शेपूट पाच-सहा मिमीने वाढते एवढेच. उलट, यार्डात मोठ्या मँड्रेलवर 3d त्रिज्येने वाकवत असतील तर वजावटीऐवजी 1d मिळवावा लागतो. तिथे 1258 लागतात, म्हणून 1260 ला कापावे. म्हणजे त्रिज्या तिपटीने बदलली तरी उत्तर दोन-अडीच सेंटिमीटरच्या आतच हलते. रूढ सूत्राने होणारी 62 मिमीची चूक मात्र कोणत्याही व्यवहार्य त्रिज्येने भरून निघत नाही.

1184 ला कापलेल्या सळईचे फळीवर काय होते, ते डोळ्यांपुढे आणा. फिटर एका टोकाला पहिला हुक काढतो, मग खुंट्यांच्या अंतरावर एकेक बाजू पाडत जातो आणि शेवटी उरेल त्यात दुसरा हुक काढतो. खुंट्या 170 आणि 390 वर पक्क्या असल्यामुळे घेर बरोबर येतो आणि सगळी तूट शेपट्यांवर येते. दोन्ही शेपट्या सारख्या ठेवल्या तर प्रत्येकी 34 मिमी उरतात, जेमतेम 4d. पण बहुतेक वेळा पहिली शेपूट नीट 60-65 ची निघते आणि दुसरी दोन ते सात मिमीवर संपते. रिंग तपासताना वर दिसणारी शेपूट मोजून समाधान मानू नये. नेहमी आखूड शेपूट शोधून तीच मोजावी.

काही फिटर अशा वेळी शेपटी राखतात आणि रिंगच लहान करतात. ही चूक सहज नजरेत येत नाही, पण अधिक वाईट आहे. 65 च्या दोन शेपट्या काढल्यावर 1184 मध्ये घेरासाठी 1057 मिमीच उरतात, म्हणजे रुंदी आणि उंची मिळून 31 मिमी कमी होतात. रुंदी कमी केली तर खालच्या सळया बसत नाहीत, म्हणून कात्री उंचीला लागते आणि 390 ची रिंग 359 ची होते. ही रिंग खालच्या कव्हर ब्लॉकवर बसते, त्यामुळे वरच्या सळया 31 मिमी खाली येतात. 16 मिमीच्या वरच्या सळया धरल्या तर आधाराजवळची इफेक्टिव्ह डेप्थ 404 वरून 373 वर येते. कॉलमपाशी वरचे लोखंडच वाकणारा भार पेलत असते, त्यामुळे डिझायनरने मोजून दिलेली ताकद तिथे सरळ कमी होते, आणि स्लॅब भरल्यावर बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरी पळवाट म्हणजे हुक 90 अंशावरच सोडून देणे. तसे केले तरी 1184 मध्ये प्रत्येक शेपूट सुमारे 50 मिमीचीच येते, आणि 90 अंशाच्या हुकला आयएस 456 गोलाईनंतर 8d, म्हणजे 64 मिमी मागते. तेव्हा साध्या कामाच्या नियमातही ही रिंग बसत नाही. भूकंपाच्या दृष्टीने तर 90 अंशाचा हुक उपयोगाचाच नाही. बीम उलट-सुलट वाकायला लागला की आधी कव्हर सुटून पडते, आणि ज्या हुकची शेपूट त्या कव्हरमध्येच आहे तो हुक उघडतो. 135 अंशाच्या हुकची शेपूट मधल्या घट्ट काँक्रीटमध्ये शिरलेली असते, म्हणून कव्हर गेल्यावरही रिंग बंद राहते. 65 मिमीची मागणी यासाठी आहे.

ही गोष्ट मी एका साइटवर अगदी जवळून पाहिली आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका इमारतीत स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी लोखंड तपासायला गेलो होतो. रिंगांमधले अंतर अचूक होते, कव्हर ब्लॉक जागच्या जागी होते, बाइंडिंगही घट्ट होते. एका बीमच्या तोंडाशी वाकून हुकमध्ये बोट घातले, तर बोटाचे दीड पेरही आत गेले नाही. टेप लावला तेव्हा एक शेपूट 62 आणि दुसरी 10 मिमीच्या आत भरली. शेजारच्या रिंगमध्येही तेच, त्यापुढच्या बीममध्येही तेच. कंत्राटदाराच्या तरुण इंजिनिअरने शेड्यूल आणून दाखवले. प्रत्येक ओळ नीट लिहिलेली होती आणि बेरजा बरोबर होत्या. त्याने आणि मी तिथेच शटरिंगच्या प्लायवर खडूने एक कोपरा खऱ्या मापात काढला, त्यावर बाइंडिंग वायर वाकवून ठेवली आणि ती सरळ करून मोजली. हुकच्या गोलाईतच 47 मिमी जातात हे वायरवर दिसले, तेव्हा त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. स्लॅब तीन दिवस पुढे गेला आणि त्या मजल्यावरच्या बीमच्या रिंगा बदलाव्या लागल्या. त्या मुलाची मेहनत मी पाहिली होती, म्हणून मला त्याचे वाईट वाटले. त्याला दिलेले सूत्रच अर्धवट होते.

दुसरी एक चूक याच सूत्राच्या आधाराने होते आणि ती तुमच्या सहकाऱ्यांच्या शेड्यूलमध्येही सापडू शकते. काही जण रिंगचे माप मध्यरेषेवर घेतात, म्हणजे 170 ऐवजी 162 आणि 390 ऐवजी 382. ही पद्धत चुकीची नाही, पण मध्यरेषेवर मोजल्यावर टोकदार कोपऱ्याचा बराचसा जादा भाग आपोआप वगळला गेलेला असतो, म्हणून 90 अंशाच्या बेंडला 2d नव्हे तर फक्त 1.07d वजा होतात. मध्यरेषेचे माप घेऊन वर पुन्हा 2d आणि 3d ची वजावट केली, तर तीच गोष्ट दोनदा वजा होते. तुमच्या बीमला तसे केले असते तर 1088 मध्ये 160 मिळवून 96 वजा झाले असते आणि उत्तर 1152 आले असते, म्हणजे गरजेपेक्षा जवळपास 95 मिमी कमी. कोणतेही शेड्यूल हातात आले की मी पहिल्यांदा हेच विचारतो की a आणि b ही मापे बाहेरची, मध्यरेषेची की आतली. ते लिहिलेले नसेल तर पुढची वजावट तपासण्यात अर्थ नसतो.

आता खर्चाचा मुद्दा, कारण 1250 लिहिल्यावर तुमच्याकडे तो येणारच. 12 मीटरच्या सळईतून 1184 चे 10 तुकडे निघतात, 1250 चे 9 च निघतात आणि 750 मिमीचा तुकडा उरतो. म्हणून साइटवर एक मधला मार्ग सुचवला जातो की सरळ 1200 ला कापा, 10 तुकडे येतात आणि काहीच वाया जात नाही. पण 1200 मध्ये शेपूट 42 मिमीच्या आसपास येते, म्हणून तो मार्ग घेऊ नये. त्यापेक्षा दोन मापे एकत्र कापावीत. तुमच्याच इमारतीत 230 × 300 चे बीम असतील तर त्यांच्या रिंगचा बाहेरचा घेर 820 येतो आणि कटिंग लेंथ 946, म्हणजे 950 येते. एका 12 मीटरच्या सळईतून 1250 चे 8 आणि 950 चे 2 तुकडे काढले की 11900 मिमी वापरले जातात आणि 100 मिमीच वाया जातात. प्रत्यक्ष जादा लोखंडाचा भारही फार नाही. 8 मिमी सळईचे वजन मीटरला 0.395 किलो आहे, त्यामुळे 1184 ऐवजी 1250 ला कापल्याने हजार रिंगांमागे सुमारे 26 किलो लोखंड वाढते. ठेकेदाराशी बोलताना हा आकडा सोबत ठेवा, कारण 66 मिमीची वाढ ऐकायला मोठी वाटते.

माझ्या शब्दावर विसंबण्यापेक्षा उद्या सकाळी एक नमुना रिंग करून पाहा. 1250 मिमीचा एक तुकडा कापून घ्या आणि फिटरला त्याच्या नेहमीच्या खुंट्यांवर वाकवायला सांगा, त्याला काही वेगळे करायला लावू नका. रिंग सपाट जमिनीवर ठेवून बाहेरून बाहेर 170 आणि 390 मोजा आणि दोन्ही कर्ण जुळतात का ते पाहा. मग सळईवर पट्टी टेकवून गोलाई नेमकी कुठे संपते तिथे खडूची खूण करा आणि तिथून टोकापर्यंत दोन्ही शेपट्या मोजा. ही खूण न करता कोपऱ्यापासून टेप लावला तर गोलाईही शेपटीत मोजली जाते आणि 40 ची शेपूट 65 ची वाटते. पुष्कळ ठिकाणी तपासणी याच कारणाने उत्तीर्ण होते. घेर बरोबर आणि दोन शेपट्यांची बेरीज 130 ते 140 च्या दरम्यान आली, तर 1250 कायम करा. बेरीज 130 पेक्षा कमी आली तर जेवढी कमी आली तेवढीच लांबी वाढवा. एक शेपूट 80 आणि दुसरी 55 अशी आली, तर लांबी बदलू नका, पहिल्या हुकची खूण सरकवा.

वाकवताना गोलाईच्या बाहेरच्या बाजूकडेही एक नजर टाका. शेपूट लांब मिळावी म्हणून कोपरा अगदी टोकदार मारला जात असेल, तर एफई 500 च्या सळईवर आडवे बारीक तडे दिसू शकतात. आयएस 1786 मध्ये या प्रतीच्या 20 मिमीपर्यंतच्या सळईची बेंड चाचणी 4d व्यासाच्या मँड्रेलवर घेतात, म्हणजेच आतली त्रिज्या 2d. त्याहून टोकदार वळणाची हमी त्या चाचणीत नाही. मी वरच्या हिशेबात 2d त्रिज्या धरली ती याच कारणाने.

ड्रॉइंगमध्ये हुकपाशी 10d लिहिले असेल तर ते तसेच पाळा. 1993 च्या आयएस 13920 मध्ये शेपूट 10d आणि किमान 75 मिमी होती आणि काही डिझायनर आजही तीच टीप ठेवतात. तेव्हा तुमच्या रिंगला 80 च्या दोन शेपट्या धरून 1276, म्हणजे 1280 मिमी लागतील. तुमच्या सूत्रातला 10d चा आकडा आणि हा आकडा एकच आहे, पण संहितेने तो गोलाईच्या पुढे मागितला होता, हे विसरू नका. ड्रॉइंगवर हुकची लांबी दिलेलीच नसेल, तर अंदाज न बांधता डिझायनरकडून लेखी खुलासा घ्या. चार पायांच्या रिंगा किंवा वेगळी अडकवलेली मधली लिंक असेल तिथे बेंडची संख्या बदलते, त्यामुळे 0.44d चा हा मेळ जसाच्या तसा लावू नका. तिथे सरळ भाग, गोलाया आणि शेपट्या वेगवेगळ्या मोजून बेरीज करा.

राहता राहिले ते 1184 चे तुकडे, कारण काही कापून झाले असतील असे तुमच्या प्रश्नावरून वाटते. जे अजून वाकवलेले नाहीत ते फेकू नका. 230 × 400 च्या बीमला याच कव्हरने 1150 मिमी लागतात, त्यामुळे 1184 चा तुकडा तिथे 34 मिमी छाटून व्यवस्थित बसतो. ज्यांच्या रिंगा झाल्या आहेत त्या मात्र सरळ करून पुन्हा वाकवू देऊ नका. एकदा वाकलेल्या जागी लोखंड कडक झालेले असते आणि तीच जागा पुन्हा वळवली की तडा तिथेच जातो. त्या रिंगा मोजून वेगळ्या ठेवा, त्यांच्यावर रंगाची खूण करा आणि उद्याच्या बीममध्ये त्यांतली एकही जाणार नाही हे बांधणी सुरू होण्याआधी स्वतः उभे राहून पाहा.